पेन्सिल कोणाच्या हातात?

आज सहावीत अपूर्णांकांच्या तासाला साठच्या साठ हजर. फळा एक, खडू दीड. बाकं हलवायला जागाच नाही, म्हणून पुढच्या बाकावरच्या दोघांना नुसतं मागे वळून बसवलं. झाले चौघांचे पंधरा गट.

मागच्या आठवड्यात हुशार मुलांना 'सर' केलं होतं. त्यांनी सरळ उत्तरं सांगितली, बाकीच्यांनी उतरवली. शिवाय १/२ + १/३ = २/५ हे एका गटाचं चुकीचं उत्तर दहा मिनिटांत शेजारच्या तीन गटांत पोचलं. लागोपाठच्या बाकांवर एकच चूक दिसली की समजावं, शिकणं नाही, नक्कल चालली आहे.

म्हणून आज मधल्या सुट्टीत प्रत्येक गटातला एक, अशा पंधरा जणांना आधी शिकवायला बसवलं. मुद्दाम मधल्या फळीतले घेतले, त्यांना अडतं कुठे ते आठवत असतं. पोहेवाल्याकडून आणलेल्या रद्दीच्या पट्ट्या. पट्टीच्या तीन सारख्या घड्या घाला, मग ती तशीच मधोमध दुमडा, उघडली की सहा सारखे भाग दिसतात. अर्धा म्हणजे तीन भाग, तिसरा हिस्सा म्हणजे दोन, मिळून सहातले पाच.

वर्गात नियम एकच: समजावणाऱ्याने पेन्सिल धरायची नाही. शेवटी मी "तीन नंबर!" म्हटलं की प्रत्येक गटातल्या तिसऱ्याने उठून शेजारच्या गटाला सांगायचं. कोणाचा नंबर येईल ते आधी माहीत नाही, त्यामुळे चौघंही ऐकतात.

गोंगाट इतका की शेजारच्या वर्गातल्या बाई दोनदा डोकावून गेल्या. दोन गट तरीही भरकटलेच, पंधरांकडे एकटी कुठे पुरणार?

पण खिडकीजवळची एरवी गप्प असणारी मुलगी पट्टी नाचवत शेजारणीला म्हणत होती, "अरे, आधे में और जोड़ा, तो आधे से कम कैसे हुआ?"