कोरं काँक्रीट

‘ती काळवंडलेली सिमेंटची इमारत तुम्हाला सुंदर कशी वाटते? आणि तिच्यावर निबंध लिहायचा तर काय लिहायचं?’

माझी आई दादरच्या पोर्तुगीज चर्चवरून जाताना दर वेळी म्हणायची, “गिलावा करायचा राहिला वाटतं.” वादाचं मूळ याच वाक्यात आहे. आपल्याकडे गिलावा आणि रंग झाला की घर पुरं झालं. काँक्रीट उघडंच ठेवणाऱ्या वास्तुशैलीला ब्रूटलिझम म्हणतात. त्यातला ‘ब्रूट’ हा फ्रेंच शब्द मात्र क्रौर्याचा नाही, कच्चेपणाचा. कोरा चहा म्हणतो, तसं कोरं काँक्रीट. सेंटरिंगच्या फळ्या काढल्यावर जे उरतं, तीच भिंत. फळीच्या लाकडाचे रेषेदार ठसेसुद्धा पुसायचे नाहीत. ज्याला त्यात कारागिराचा हात दिसतो तो थांबून बघतो, ज्याला अर्धवट काम दिसतं तो नाक मुरडतो.

मुंबईचा पाऊस नाक मुरडणाऱ्याच्या बाजूने साक्ष देतो. पण डाग नीट बघा. काळा थर बहुधा शेवाळ आणि धुळीचा असतो, तो धुता येतो. भेगेतून तपकिरी ओघळ येत असेल तर आतली सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचं काँक्रीट फुगतं आणि पोपडा सुटतो. सळईवरचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, कमी पडला की खाऱ्या हवेत हे लवकर होतं. तो दोष बांधणीचा आणि देखभालीचा, शैलीचा नव्हे. निबंधात हा फरक आलाच पाहिजे.

आता वर्णन. ‘भव्य’, ‘राक्षसी’, ‘थंड’ ही विशेषणं बाजूला ठेवा. आकार सांगणारं एक वाक्य लिहा आणि तो आकार कशासाठी, हे लगेच पुढच्या वाक्यात. याच चर्चचं उदाहरण घेऊ. इथलं चर्च 1596 पासूनचं, सध्याची वास्तू वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची, 1970च्या दशकातली. ‘उंच, विचित्र घुमट’ असं लिहिलं तर वाचक रस्त्यावरच उभा राहतो. त्याऐवजी मी असं लिहीन:

“प्रार्थनेच्या जागांवर काँक्रीटची उंच कवचं आहेत, वर निमुळती होत गेलेली आणि माथ्यावर उघडी. गर्दीने तापलेली हवा तिथून निघून जाते आणि उजेड वरून खाली झिरपतो. या झाकलेल्या जागांच्या अधेमधे उघडी अंगणं गुंफली आहेत, म्हणून वारा आडवा खेळतो.”

बाहेरून धुराडं वाटणारी गोष्ट आतून खरोखरच धुराड्याचं काम करते. आईला एकदा आत नेलं. बाकावर बसून ती बराच वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, “पंखा नसता तरी चाललं असतं गं.” गिलाव्याबद्दलचं मत तिने शेवटपर्यंत बदललं नाही, आणि निबंधात मी तिचं ते मतही तितक्याच जागेत लिहीन.