दादाच्या हातातला तांब्या

कोल्हापूर

प्रिय दादा,

वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा. आईनं पहाटेच देवापुढं साखर ठेवली आणि तुझ्या वाटणीची माझ्या हातावर घातली. तुझ्या कॅनडात अजून आदलीच रात्र असेल, पण इथं तुझा वाढदिवस साजरा होऊन गेला. भेट म्हणून यंदा आपला जुना वाद मिटवून पाठवते.

वाद कुठला ते तुला ठाऊक आहे. दिवाळीच्या सुट्टीत आजोळच्या गुऱ्हाळावर काढलेला तो चौकोनी फोटो. मामाचा क्लिक-थ्री कॅमेरा, एका रोलात बारा फोटो, त्यातले निम्मे बैलांचे. मागं आबांच्या अक्षरात ‘दिवाळी १९८३’. तू पुढं उभा, गळ्यात मफलर, हातात पितळी तांब्या. मी तुझ्या कोपराआड, डोळे मिटलेली. मागं काहील आणि तिच्यावर वाकलेले गुळवे नाना. तू आजवर सगळ्यांना सांगत आलास, की नाना काकवी काढत होते आणि पहिला तांब्या तुला मिळाला. तुझ्या पोरांनाही तेच पाठ आहे.

काल आईचं कपाट आवरताना फोटो परत हाताला लागला. भिंग घेऊन बसले. तसली काकवी-बिकवी काही नाही, दादा.

पहिलं म्हणजे वाफ. निम्मा फोटो वाफेनं भरलाय. नानांच्या फेट्याचं टोक दिसतं, तोंड दिसत नाही. काकवी शेवटाला येते. तोवर रसातलं बहुतेक पाणी उडून गेलेलं असतं, वाफ विरळ होते आणि नुसते जाड बुडबुडे फुटत राहतात. एवढा ढग उठतोय म्हणजे काहिलीत अजून पाणीच पाणी आहे.

दुसरं, नानांचा उजवा हात. तो हललाय. त्या कॅमेऱ्याला शटरचा वेग एकच, ठरलेला, त्यामुळं जरा कुणी हललं की पुसट व्हायचं. हात काहिलीच्या कडेनं आडवा पुसट झालाय आणि त्याच्या टोकाला झारा आहे. काकवी काढताना हात खालून वर येतो. आडवा फिरतो तो मळी काढताना.

आठवतं का, गुऱ्हाळाच्या कुडाला रानभेंडीच्या मोळ्या टेकवलेल्या असायच्या? तिची खोडं-मुळं ठेचून पाण्यात भिजवायची, की बुळबुळीत पाणी सुटतं. रस तापला की ते पाणी काहिलीत ओततात. रसात तरंगणारी माती, चोथा, काय असेल ते सगळं त्या बुळबुळीला चिकटून वर येतं आणि काळपट हिरवी साय धरते. हीच मळी. ती उकळी फुटायच्या आत काढावी लागते, कारण उकळी आली की साय मोडते आणि घाण परत रसात मिसळते. मग गूळ काळा पडतो, सौद्यात भाव पडतो आणि दोष गुळव्याच्या माथी येतो. म्हणून त्या वेळी नाना कुणाशी बोलायचे नाहीत. आपल्याला तर जवळसुद्धा फिरकू द्यायचे नाहीत. फोटोत तू काहिलीपासून चांगला लांब उभा आहेस, हेही लक्षात घे.

आता तिसरा पुरावा, आणि हा मला भिंगाशिवाय दिसला नसता. डाव्या कोपऱ्यात, चिपाडाच्या गंजीखाली, गुळाचे रवे मांडलेत. सहा. त्या वेळी रवा तीस किलोचा, म्हणजे एकशेऐंशी किलो गूळ. हजार लिटरच्या आसपास रस आटवला की साधारण एवढाच गूळ पडतो. थोडक्यात एक आधण उतरून, गार करायच्या वाफ्यात ओतून, घोटून, रव्यात भरून झालंय आणि हे दुसरं आहे. एका आधणाला अडीच-तीन तास जातात. मामा चुलवण पहाटे चारला पेटवायचा. तेव्हा फोटोची वेळ सकाळी आठच्या आसपासची. तुझं मफलर त्याला साक्ष आहे, आणि लांबलचक सावल्याही. या आधणाची काकवी निघायला अजून दोन तास तरी होते, आणि तोवर रोल संपलेला होता.

मग तांब्यात काय? रस. घाण्याखालचा, थंडगार, आलं-लिंबू पिळलेला. आत्याबाई तो तांब्या भरून द्यायच्या आणि वर दटावायच्या, “पोटात दुखलं तर माज्याकडं यायचं न्हाई.”

काकवीची गोष्ट खरी आहे, पण ती दुपारची. रस पिवळा होऊन काठापर्यंत फुगला की नाना शेंगतेलाचे चार थेंब सोडायचे आणि एवढा थोरला फेस गपकन खाली बसायचा. मागल्या मार्चात तू मेपलच्या रसाच्या भट्टीचा व्हिडिओ पाठवलास, त्यात तो माणूस लोण्याचा खडा टाकून हेच करतो, बघितलंस? मला तर तो नानांचा मावसभाऊच वाटला. त्यांचं सरबतही काकवीच्याच आगेमागे उतरतं, पाण्याच्या उकळीपेक्षा चार-पाच अंश वर. फरक खर्चाचा. तुमच्याकडं चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर सरबत. आपल्याकडं पाच-सहा लिटर रसाला किलोभर गूळ, वर चिपाडाचं जळण फुकट.

काकवीच्या पुढं तर खरी गंमत. पाक एकशे अठराच्या घरात गेला की गूळ. नानांकडं तापमापक कुठला? वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब सोडायचा, त्याची गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर मारायची. टण वाजली की आरोळी, आणि सगळे गडी काहील उतरवायला धावायचे. तिथं दोन मिनिटं उशीर म्हणजे करपटलेला गूळ. आधी उतरवली तर रवा बसायचा नाही, पोत्यात पाझरायचा. ही धांदल फोटोत यायला हवी होती, असं मला फार वाटतं. बैलांवर सहा फोटो घालवले मामानं!

तर निकाल असा, की फोटो सकाळचा, तांब्या रसाचा आणि डोळे मिटले ते मी वाफेमुळं. हरकत असेल तर लेखी कळव.

मावशीचा धाकटा पुढच्या आठवड्यात तुझ्या गावाला परततोय. त्याच्याबरोबर किलोचा रवा देते. काळपट आहे म्हणून नाक मुरडू नकोस. पिवळाधमक गूळ दिसायला देखणा, पण तो रंग बहुतेक वेळा हायड्रॉस नावाचं रसायन टाकून आणलेला असतो. आला की मुलांना फोडून दे आणि उरलेला घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. ओल लागली की पाणी सुटतं. काकवी मागू नकोस. मागं एकानं नेली होती, ती बॅगेत सांडली आणि त्याचे सगळे शर्ट गोड झाले.

आईचे आशीर्वाद. वहिनीला नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
ताई नव्हे, धाकटीच

ता. क. चहात गूळ घालायचा तर आधी चहा खाली उतरव, मग घाल. उकळत्या दुधात टाकलास तर चहा फाटेल आणि तू मला फोन करून गुळाला नावं ठेवशील.