दोन पिशव्या थांबवल्या तो दिवस

मी रक्तपेढीत काम करते. मध्य मुंबईतल्या एका रुग्णालयाचा तळमजला, पावसाळ्यात भिंतींना ओल येणारा. जुलैतल्या त्या सकाळी गाड्या उशिरा धावत होत्या, तरीही एक तरुण डोंबिवलीहून आठच्या आत येऊन बाकावर बसला होता. मामांना रक्त लागणार होतं आणि तो बदली रक्तदाता म्हणून आला होता. मेडिसिन वॉर्डातून कागद आला होता: पुरुष, वय ६६, हिमोग्लोबिन ६.४, लाल पेशींच्या दोन पिशव्या, तातडीनं.

अर्ध्या तासानं आमचे जुने तंत्रज्ञ, ज्यांना सगळे दादा म्हणतात, नळी हातात घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, एकही पिशवी जुळत नाही. पाच लावून बघितल्या, पाचही चिकटतायत. आणि हा सिरम बघा, पिपेटमधून उतरतच नाही."

मी नळी तिरकी केली. सिरम पाण्यासारखा न वाहता गुळाच्या पाकासारखा काचेला धरून हळूहळू सरकला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी गुच्छ करून बसल्या नव्हत्या, नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या होत्या. याला आम्ही रूलो म्हणतो. खरी अँटिबॉडी पेशींना धरून ठेवते, तर रूलोत सिरममधल्या जादा प्रथिनामुळे पेशी नुसत्या एकमेकींना लागून बसतात. दोन्हींतला फरक ओळखायला साधी युक्ती आहे. नळी फिरवून पेशी तळाला बसवायच्या, वरचा सिरम काढून टाकायचा, तेवढंच सलाईन घालायचं आणि हलक्या हातानं हलवून पुन्हा बघायचं. दादांनी तसं केलं. चळती मोडल्या आणि पेशी सुट्या झाल्या. म्हणजे पिशव्या जुळत होत्या.

नियमानं बघायचं तर काम झालं होतं. पिशव्यांवर सही करून त्या वर पाठवायच्या, एवढंच उरलं होतं. पण एवढा घट्ट सिरम मला सोडवेना. मी बायोकेमिस्ट्रीला फोन लावला. त्यांच्याही यंत्रानं सकाळी दोनदा नमुन्यात गुठळी असल्याचा इशारा दिला होता, पण गुठळी सापडली नव्हती. एकूण प्रथिनं १२.१ ग्रॅम, त्यात अल्ब्युमिन फक्त २.९. उरलेले नऊ ग्रॅमहून जास्त ग्लोब्युलिन होतं. निरोगी माणसात ते तीनच्या आसपास असतं.

मी वर गेले. काका लालबागचे, बसवाहक म्हणून निवृत्त झालेले. उशाशी मुलगी होती आणि हातातल्या रुमालावर रक्ताचे डाग होते. मुलीनं सांगितलं, दोन महिने डोकं दुखतंय, वाकलं की जास्तच. नाकातून रक्त येतं म्हणून एकदा नाकातली शीर जाळून घेतली. दात घासले की हिरड्यांतून रक्त येतं. धूसर दिसतं म्हणून चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, उपयोग झाला नाही. मग ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, परवा एका नर्सिंग होममध्ये रक्त कमी आहे म्हणून एक पिशवी चढवली. त्या रात्रीपासून बाबांना माझा चेहराच नीट दिसत नाही."

हे वाक्य ऐकून मी निवासी डॉक्टरला बाजूला घेतलं.

"मॅडम, एचबी सहा आहे. चार पावलं चालले तरी धाप लागते. मी रक्त कसं थांबवू?"

त्याचा प्रश्न बरोबर होता, म्हणून मी सविस्तर सांगितलं. काकांच्या रक्तातलं ते जादा ग्लोब्युलिन बहुधा आयजीएम होतं, आणि आयजीएम हे फार मोठं प्रथिन आहे. पाच एकक जोडून त्याचा एक रेणू बनतो, आणि आकारामुळे त्याचा मोठा भाग रक्तवाहिन्यांतच अडकून राहतो. ते पाणी ओढून घेतं, प्लाझ्मा वाढतो, आणि त्या वाढलेल्या प्लाझ्मात पेशी विरळ दिसतात. म्हणजे ६.४ मधली काही घट खरी आणि काही पातळ झाल्यामुळे दिसणारी. प्लाझ्मा इतका दाट असताना रक्त वाहतं राहिलं होतं, ते पेशी कमी होत्या म्हणूनच. आपण पेशी ओतल्या की तेवढाही वाव जातो. रक्तस्रावाचंही कारण हेच होतं. प्रथिन प्लेटलेटवर थर धरतं आणि गोठण्याच्या घटकांच्या आड येतं. म्हणून प्लेटलेटची संख्या बरी असूनही हिरड्या गळत होत्या.

नेत्रविभागातल्या डॉक्टर खाटेपाशीच आल्या. बाहुल्या मोठ्या करून त्यांनी पडदा बघितला आणि मलाही बघायला दिला. शिरा फुगून जाड झाल्या होत्या आणि मध्येमध्ये आवळलेल्या होत्या, जणू कुणी सुतळीनं ठिकठिकाणी बांधल्यात. आजूबाजूला ज्वाळेच्या आकाराचे रक्ताचे फटकारे होते. सिरमचा दाटपणा मोजायला नमुना बाहेर पाठवला होता, अहवालाला दिवस लागणार होते. त्यासाठी थांबायचं कारण नव्हतं. लक्षणं आणि हा पडदा एवढं पुरे होतं.

प्लाझ्मा बदलायचं यंत्र आमच्याकडेच असतं. काकांचं वजन ६० किलो. किलोला ७० मिलिलिटर धरलं तर रक्त ४,२०० मिलिलिटर, आणि त्यात पेशींचा वाटा, म्हणजे हिमॅटोक्रिट, २० टक्के, म्हणून प्लाझ्मा सुमारे ३,३६० मिलिलिटर. एका बैठकीत साधारण तेवढा काढायचा आणि त्या जागी पाच टक्के अल्ब्युमिन द्यायचं. बाजारात २० टक्क्यांची १०० मिलिलिटरची बाटली मिळते. एका बाटलीत ३०० सलाईन मिसळलं की पाच टक्क्यांचं ४०० मिलिलिटर तयार होतं. पातळ करायला सलाईनच घ्यायचं, नुसतं शुद्ध पाणी घेतलं तर पेशी फुटतात. आम्हाला आठ बाटल्या हव्या होत्या. त्या महाग असतात. समाजसेवा विभागानं तीन मिळवून दिल्या, पाच भाच्यानं पावसात भिजत आणल्या.

दुपारी दोनला यंत्र सुरू झालं. सुरुवातीला नळीतला दाब वाढून दोनदा गजर वाजला, म्हणून आम्ही वेग कमी केला. तासाभरानं काकांना ओठांना मुंग्या आल्या. रक्त गोठू नये म्हणून दिलेलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं, त्याचा हा परिणाम. कॅल्शियम दिल्यावर ते थांबलं. पिशवीत जमणारा प्लाझ्मा मधासारखा दाट होता. तो बघायला वॉर्डातले विद्यार्थीही आले.

आधीचं आयजीएम ७.२ ग्रॅम होतं, बैठकीनंतर ४.० झालं. प्रमाण निम्म्याच्या जवळ आलं, पण दाटपणा त्याच्या मानानं कितीतरी जास्त उतरतो, कारण वरच्या पातळीवर थोडं प्रथिन वाढलं तरी दाटपणा झपाट्यानं चढतो आणि उतरतानाही तसंच होतं. रात्री हिरड्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी खिडकीतून खालच्या बसचा नंबर वाचून दाखवला. मुलगी रडायला लागली.

अस्थिमज्जेच्या तपासणीत वाल्डेनस्ट्रॉम, म्हणजे आयजीएम बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग निघाला. १९४४ मध्ये स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी पहिल्यांदा वर्णन केलेल्या रुग्णांनाही नाकातोंडातून रक्तस्राव होत होता. प्लाझ्मा बदलणं हा मुळावरचा इलाज नाही. प्रथिन बनवणाऱ्या पेशी जागेवरच असतात आणि काही आठवड्यांत पातळी परत चढते. म्हणून रक्तविकारतज्ज्ञांनी लगेच बेंडामस्टिन सुरू केलं, पण रिटुक्सिमॅब मुद्दाम मागे ठेवलं. त्या औषधानं सुरुवातीला आयजीएम उलट उसळू शकतं, आणि काकांच्या डोळ्यांना ते सोसलं नसतं.

एक दिवस सोडून दुसरी बैठक झाली, आयजीएम २.३ वर आलं. हिमोग्लोबिन ६.६ होतं आणि धाप राहिलीच होती. आता रक्त द्यायला हरकत नव्हती. दादांनी ताज्या नमुन्यावर पुन्हा जुळणी लावली आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. चळती अगदी तुरळक उरल्या होत्या. मी एकाच पिशवीवर सही केली. ती पूर्ण चार तास घेऊन चढवली, आणि दर तासाला निवासी डॉक्टर काकांसमोर वर्तमानपत्र धरून मथळा वाचायला सांगत होता.