चौघींनी वाचलेला एक मेसेज

«मॅडम, चॅट वाचून डोकं फिरलं की स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा. चार जणी चार डोक्यांनी सांगतात. एकटीनं कुढत बसण्यापेक्षा ते बरं नाही का?»

लातूरला मुलींचं हॉस्टेल सांभाळते मी. नीटच्या तयारीला आलेल्या पोरी, खोलीत तिघी-तिघी, त्यामुळे हे वर्षातून दहा वेळा तरी ऐकते. प्रत्येक वेळी जिन्यात उभ्या उभ्या काहीतरी सांगून मोकळी होते. आता बसून सांगते, कारण हा उद्योग मी स्वतः करून बसलेय.

अंबाजोगाईला माझी कॉलेजपासूनची मैत्रीण राहते. वैशाखात तिची आई न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. मी लिहिलं, «उद्या सकाळच्या गाडीनं येऊ का?» तासाभरानं उत्तर आलं: «कशाला येतीस आता. राहू दे.» एवढंच. ना इमोजी, ना काही.

लागलं मनाला. सहा जणींच्या आमच्या जुन्या ग्रुपवर ते दोन मेसेज कापून टाकले आणि वर लिहिलं, «बघा ही कशी बोलतेय.»

मिनिटभरात पुण्याहून एक: «सरळ सांगितलंय की येऊ नको. किती कोरडं!» मग छत्रपती संभाजीनगरच्या दोघी. एकीला आठवलं की अंबाजोगाईची मैत्रीण तिच्या लग्नातही उशिरा आली होती. दुसरीला आठवलं की तिनं वर्षानुवर्षं स्वतःहून फोन केलेला नाही. नाशिकच्या मैत्रिणीनं नुसता हात जोडल्याचा इमोजी टाकला. पाचवी, नांदेडची, गप्प. चौथ्या-पाचव्या मेसेजनंतर त्या दोन ओळींबद्दल कोणी बोलतच नव्हतं, सगळी चर्चा तिच्या स्वभावावर गेली होती. मी गेले नाही. तीन आठवडे फोनही केला नाही.

आता त्या स्क्रीनशॉटमध्ये काय नव्हतं ते सांगते. दोन दिवस आधीच तिनं लिहिलं होतं, «तुझ्या पोरींची नीट रविवारी हाय ना? मग तू कुठं हलूच नको.» तो मेसेज बोटभर वर होता. मी मुद्दाम लपवला असं नाही. रागाच्या भरात माणूस टोचलं तेवढंच कापतो. पण त्या ओळीनंतर «राहू दे» वाचलं तर अर्थच पालटतो.

दुसरं म्हणजे आवाज. आपल्याकडं मुरमुऱ्यांचा सुशीला वाढताना पाहुणा «बस्स, राहू द्या, कशाला» म्हणतो आणि वाढणारी आणखी एक डाव टाकते. दोघांनाही ठाऊक असतं की ते «नको» नव्हे. «कशाला येतीस» हे «तुला कशाला त्रास» असतं की «यायचं काही कारण नाही» असतं, ते शेवटचा स्वर वर जातो की खाली पडतो यावर ठरतं. अक्षरांत तो स्वर येत नाही. मग वाचणारी आपल्या मनातला स्वर त्याला लावते, आणि मी तर वर «बघा ही कशी बोलतेय» लिहून तो लावूनच दिला होता.

जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर केलेले प्रयोग 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. काही वाक्यं खरी, काही उपरोधानं. ती कधी ईमेलनं कळवायची, कधी आवाजात. पाठवणाऱ्यांना वाटलं, ईमेलवरही समोरच्याला 78 टक्के वेळा बरोबर कळेल. प्रत्यक्षात कळलं 56 टक्के वेळा, म्हणजे छापा-काटा करण्यापेक्षा थोडंसंच जास्त. आवाजात मात्र 73 टक्के. लिहिणारीच्या कानात स्वतःचा स्वर वाजत असतो, म्हणून आपण धड लिहिलं नाही हे तिला समजतच नाही. माझ्या मैत्रिणीचंही तेच झालं असणार.

राहिली चार डोकी. ती खरंच चार असतात का? पहिलीनं मिनिटात निकाल दिला की दुसरीला वेगळं बोलायला नेट लावावा लागतो. शिवाय मैत्रिणी माझ्या, मी दुखावलेली, अशा वेळी «तुझंच चुकत असेल» कोण म्हणेल? नांदेडचीला पुढं विचारलं तर ती म्हणाली, «मला तर ते काळजीचंच वाटलं होतं गं. पण तुम्ही सगळ्या पेटलेल्या, मी कशाला मधी पडू?» म्हणजे आमच्या बाजूची बोली जिच्या कानात होती, तीच गप्प बसली. मी मोजली ती बोलणाऱ्यांची मतं.

म्हणून पोरी आता माझ्याकडं फोन घेऊन आल्या तर मी आधी स्क्रीन बघत नाही. वहीचं मागचं पान घे म्हणते. आदल्या दिवसापासूनचं बोलणं लिहून काढ, तुझे मेसेजही गाळू नको, नावांच्या जागी «क» आणि «ख» लिही, आणि त्यातली तू कोण ते मला सांगू नको. मागच्या महिन्यात एकीनं असंच लिहून आणलं. क: «टेस्टला किती पडले?» ख: «पडले बरे. तुझ्याइतके नाही.» क: «सांग ना.» ख: «सोड.» मी म्हटलं, यातली «ख» शरमलेली वाटते, किंवा चिडलेलीही असेल, दोन्ही बसतंय. पण «क»नं तिला दोनदा मार्क विचारलेत. पोरगी लाल झाली. ती «क» होती, आणि «ख» टोमणे मारते अशी तिची तक्रार होती.

प्रश्नही बदलायला लावते. «याचा अर्थ काय?» विचारलं की एकच अर्थ मिळतो, तोही विचारणारीला हवा तो. «याचे किती अर्थ निघतात, आणि कुठला खरा ते ठरवायला काय माहीत असायला हवं?» असं विचारलं की मैत्रिणीला बाजू घ्यावी लागत नाही. आणि ग्रुपला नाही, एकीलाच विचारायचं. जमलं तर समोरचीची बोली ओळखणारीला.

पण ही सगळी वाट शेवटी समोरच्या माणसापर्यंतच जाते, मी फक्त तिथं जरा थंड डोक्यानं पोचायला सांगते. मी त्या दिवशी एवढंच लिहायला हवं होतं: «राहू दे म्हणजे येऊ नको, की माझी दगदग नको? नीट कळलं नाही मला.»

धमकी असेल, कोणी पैसे किंवा फोटो मागत असेल, तर मात्र यातलं काही करत बसायचं नाही. तिथं अर्थ लावायचाच नसतो. मूळ चॅट न पुसता, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घेऊन थेट घरच्यांकडं किंवा पोलिसांकडं जायचं.

तीन आठवड्यांनी मी अंबाजोगाईला गेले. तिनं दार उघडलं, म्हणाली, «कशाला आलीस गं एवढ्या उन्हात,» आणि बोलता बोलता चहाचं आधण ठेवलंसुद्धा. मला तिथंच रडू फुटलं. तिनं काही विचारलं नाही. चहा गाळताना म्हणाली, «ती तुमची पुण्याची भेटली होती लग्नात. आईचं ऑपरेशन कसं झालं विचारत होती. मी तर तिला सांगितलंच नव्हतं.»

मी म्हटलं, मी सांगितलं. ती «बरं» म्हणाली.

तेव्हापासून ती काही महत्त्वाचं असलं की मला लिहीत नाही. फोन करते. का, ते मी अजून विचारलेलं नाही.