गॅनिमीडच्या फोटोंवरून गुरूची घनता : नोंदवहीतली पानं

पहिलं पान : नेमकं काय करायचंय

गुरू प्रतियुतीजवळ आला की सगळे त्याचा लाल डाग टिपायला धावतात. माझ्या छोट्या दुर्बिणीतून डाग धड दिसत नाही, म्हणून या खेपेला फोटो सुंदर येण्याचा हट्टच सोडला. चार मोठे चंद्र टिपायचे आणि केप्लरच्या तिसऱ्या नियमातून गुरूबद्दल काय हाती लागतं ते बघायचं, एवढंच ठरवलं.

फोटोत किलोमीटर दिसत नाहीत, हे आधीच लक्षात घ्यायला हवं. दिसतात ते पिक्सेल. गॅनिमीड गुरूच्या केंद्रापासून इतके पिक्सेल लांब, गुरूचं बिंब इतके पिक्सेल रुंद. भागाकार केला की कक्षेची त्रिज्या `a` ही गुरूच्या त्रिज्येच्या `R` किती पट आहे ते कळतं. गुरू पृथ्वीपासून किती लांब आहे हे माहीत नसलं तरी चालतं. या गुणोत्तरावरून वस्तुमान मिळत नाही, पण चंद्राच्या एका फेरीचा काल `T` मोजला की घनता `ρ` मिळते. मांडणी पाठ्यपुस्तकातलीच आहे. गुरुत्वीय बल हेच अभिकेंद्री बल :

```
G M m / a² = m (4π² / T²) a
M = (4/3) π R³ ρ
ρ = (3π / (G T²)) (a/R)³
```

वर्तुळाकार कक्षा गृहीत धरली आहे. या चार चंद्रांच्या कक्षा वर्तुळाच्या इतक्या जवळ आहेत की पिक्सेल मोजणाऱ्याला फरक कळणार नाही. शेवटच्या ओळीत `a/R` चा घन आहे, हे मी तेव्हा वाचलं आणि सोडून दिलं.

दुसरं पान : लांबीची रात्र आणि वेळेची संध्याकाळ

एकाच रात्रीत `a` आणि `T` दोन्ही उरकावेत असा विचार होता. तो जमत नाही, आणि का जमत नाही ते बघण्यासारखं आहे.

गॅनिमीड गुरूपासून जास्तीत जास्त दूर दिसतो तेव्हा तो आपल्या नजरेच्या रेषेतच पुढे-मागे सरकत असतो. बाजूला जवळजवळ हलतच नाही. पहाटे १ ते ५ दर तासाला एक फोटो घेतला, तर अंतरं आली ४४७, ४४८, ४४८, ४४८, ४४७ पिक्सेल. गणितही तेच सांगतं : दोन तासांत तो कक्षेत जेमतेम ४ अंश सरकतो, आणि ४ अंशांची कोज्या ०.९९८ आहे. म्हणजे `a` मोजायला ही रात्र अगदी आरामाची. चंद्र नेमका टोकाला कधी होता ते मात्र या पाच आकड्यांवरून कुणालाही सांगता येणार नाही, त्यामुळे `T` साठी हीच रात्र कुचकामी.

वेळेसाठी उलट जागा हवी. गॅनिमीड गुरूच्या मागे जातो तेव्हा तो बाजूला सर्वांत वेगाने सरकत असतो. तरी दिवा विझल्यासारखा पटकन जात नाही. त्याला स्वतःचं बिंब आहे, ते झाकायला आठेक मिनिटं लागतात. मी मधली वेळ धरली : पुढच्या दिवशी रात्रीचे ८ वाजून १० मिनिटं. दोन फेऱ्यांनंतर तोच प्रसंग पहाटे २:५३ ला मिळाला. मध्ये गेले १४ दिवस ६ तास ४३ मिनिटं, म्हणजे एका फेरीला ७.१४ दिवस. वेळ पाच मिनिटांनी चुकली असती तरी दोन आठवड्यांत ती चूक कुठल्या कुठे विरते.

यात एक छोटी दुरुस्ती आहे. आपण स्वतः फिरत्या पृथ्वीवर बसलोय. प्रतियुतीच्या सुमारास गुरू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रोज साधारण ८ कला मागे सरकतो, म्हणजे गॅनिमीडच्या एका फेरीत जवळपास १ अंश. तेवढं कमी फिरूनच चंद्र आपल्याला ‘पुन्हा त्याच जागी’ दिसतो. ती भरपाई जोडली की आवर्तकाल ७.१६ दिवस होतो.

तिसरं पान : तिसरा नियम पास, मी खूश

उरलेल्या तीन चंद्रांची अंतरंही त्यांच्या त्यांच्या लांबीच्या रात्री मोजली. प्रत्येक अंतराला त्याच रात्रीच्या बिंबाच्या रुंदीने भागलं, कारण गुरू लांब जाऊ लागला की सगळंच चित्र आक्रसतं. तिसऱ्या नियमानुसार चारही चंद्रांसाठी सारखंच यायला हवं ते `T²/a³` काढलं आणि चारही आकडे टक्काभराच्या आत जुळले. आयोचा काल पावणेदोन दिवस, कॅलिस्टोचा पावणेसतरा, आणि गुणोत्तर तेच! त्या रात्री मी वहीत मोठ्या अक्षरात ‘जमलं’ असं लिहून ठेवलंय. ते पान फाडलेलं नाही, आठवण म्हणून.

मग घनता काढली. बिंब होतं ६५ पिक्सेल रुंद, म्हणजे त्रिज्या साडेबत्तीस. ४४८ ला ३२.५ ने भागलं तर १३.७८. घन करून सूत्रात टाकला आणि उत्तर आलं घनमीटरला ९६७ किलो.

भाची अकरावीत आहे, गुरुत्वाकर्षणाचा धडा नुकताच संपवून बसली होती. तिने वही ओढून घेतली.

“मामा, हा पाण्यावर तरंगेल.”

“शनी तरंगतोच की.”

“पण तू शनीचं मोजत होतास का?”

गुरूची सरासरी घनता पुस्तकात १३२६ आहे. मी चौथा हिस्सा कुठेतरी सांडला होता.

चौथं पान : चूक सापडली

`T` तीनदा तपासला. `G` चे दहाचे घात तपासले. दिवसांचे सेकंद करायचे राहिलेत का तेही पाहिलं (परीक्षेत सर्वांत जास्त मार्क तिथेच जातात असं भाची म्हणते). सगळं बरोबर. आणि तिसरा नियम तर जुळलेलाच होता, म्हणून मापं चुकली असतील ही शंकासुद्धा मनात येईना.

इथेच मी फसलो. चारही अंतरांना एकाच फुगलेल्या मापपट्टीने भागलं, तर चारही `a` एकाच पटीत चुकतात आणि `T²/a³` चारही ठिकाणी सारखंच राहतं. आकडा चुकीचा, पण चौघांचा एकच. तिसरा नियम जुळला याचा अर्थ एवढाच, की चारही चंद्र एकाच वस्तुमानाभोवती फिरताहेत. मापपट्टी खरी की खोटी यावर तो काही बोलत नाही.

आणि मापपट्टी फुगलेलीच होती. चंद्र नीट उमटावेत म्हणून मी एक्सपोजर वाढवलं होतं. त्यात गुरूचं बिंब जळून पांढरंफटक झालं होतं आणि त्याची कड बाहेर पसरली होती. ओळखायची खूण सोपी आहे : बिंबावर पट्टे दिसत नसतील आणि मधले सगळे पिक्सेल कमाल मूल्याला टेकलेले असतील, तर त्या बिंबाची रुंदी मोजू नये. सुदैवाने त्याच पहाटे, दुर्बीण न हलवता, काही कमी एक्सपोजरचे फोटोही घेतले होते. त्यांत चंद्र जेमतेम दिसतात, पण पट्टे स्वच्छ आहेत. चंद्राचं अंतर एका फोटोतून आणि बिंब दुसऱ्यातून घेतलं. कड कुठे धरायची? आकाशाचा काळेपणा आणि बिंबाचा उजेड यांच्या बरोबर मधलं मूल्य जिथे येतं तिथे. रुंदी आली ६० पिक्सेल.

रुंदीतला फरक ८ टक्के, पण घन केल्यावर तो २७ टक्के होतो. नवीन `a/R` १४.९३ आणि घनता १२२९.

पाचवं पान : गुरू गोल नाही

तरी सात टक्के कमी. आता मात्र चूक फोटोत नव्हती, सूत्रात होती. तिथे `(4/3)πR³` लिहिताना गुरू चेंडूसारखा गोल धरलाय. तो दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो आणि विषुववृत्तावर फुगतो. पट्ट्यांच्या दिशेने ६० पिक्सेल होते. पट्ट्यांना काटकोनात मोजलं, तर ५६. डोळ्यांना दिसत होतं, मोजायचं सुचलं नव्हतं. खरं आकारमान तेवढ्याच पटीत कमी, म्हणून १२२९ ला ५६/६० ने भागायचं. उत्तर १३१७.

भाचीचा पुढचा प्रश्न : हे `G` आलं कुठून? ते फोटोतून येत नाही. कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये शिशाच्या गोळ्यांमधलं आकर्षण मोजलं, म्हणून आज आपण किलोत बोलतो. त्याआधी न्यूटनला चंद्रांवरून एवढंच म्हणता येत होतं की गुरूची घनता पृथ्वीच्या अमुक पट आहे.

सहावं पान : वेग

वेग किलोमीटरमध्ये हवा तर आता एक माप बाहेरून घ्यावंच लागतं. गुरूची विषुववृत्तीय त्रिज्या ७१,४९२ किमी घेतली. मग गॅनिमीडची कक्षा १०.६८ लाख किमी, आणि `2πa/T` ने कक्षीय वेग सेकंदाला १०.८४ किमी.

यापुढे ना `G` लागतं ना `M`. त्याच जागेवरचा मुक्तिवेग कक्षीय वेगाच्या √२ पट, म्हणजे १५.३. गुरूच्या ढगांच्या पातळीवर जायचं तर अंतर १४.९३ पट कमी होतं, म्हणून वेग √१४.९३ म्हणजे ३.८६ पट वाढतो : कक्षीय ४१.९, मुक्तिवेग ५९.२. पुस्तकात ५९.५ आहे.

भाचीच्या सराव प्रश्नसंचात ‘उपग्रहाला निसटण्यासाठी आणखी किती वेग द्यावा?’ असा एक प्रश्न होता. तिने आधी सरळ मुक्तिवेग लिहिला होता. गॅनिमीडच्या कक्षेत फिरणाऱ्या यानाला १५.३ नव्हे, फक्त साडेचार लागतात, कारण १०.८४ त्याच्याकडे आधीच आहेत. अर्थात धक्का चालीच्या दिशेनेच द्यायला हवा आणि गॅनिमीडचं स्वतःचं आकर्षण बाजूला ठेवायला हवं.

शेवटचं पान

१३१७ आणि १३२६ यांत टक्काही फरक नाही, पण त्यावर छाती फुगवण्यात अर्थ नाही. बिंबाची कड मी फार तर अर्ध्या पिक्सेलपर्यंत नेमकी सांगू शकतो. दोन्ही दिशांना अर्धा पिक्सेल एकाच बाजूला चुकला, तर घनता ३४ ने हलते. म्हणून वहीत १३१७ ± ३४ लिहिलंय आणि इतकं जवळ आलं ते नशिबाने, असं शेजारी पेन्सिलीने. पुढच्या प्रतियुतीला बार्लो भिंग लावून बिंब दीडशे पिक्सेलपर्यंत नेणार आहे. तेवढ्या मोठ्या चित्रात कॅलिस्टो चौकटीत मावणार नाही, तेव्हा लांबीसाठी आयोवरच भागवावं लागेल.