टीओआरमधला एक शब्द: 'समाधानकारक'

आमच्या पाणलोट कामाचं मूल्यमापन पहिल्यांदा बाहेरच्या सल्लागाराकडून करून घेतलं, तेव्हा टीओआर, म्हणजे सल्लागाराने काय काम करायचं आणि पैसे कधी मिळणार हे ठरवणारा कागद, मीच लिहिला होता. काम एका ओळीत होतं: 'प्रकल्पाच्या परिणामांचा अभ्यास करून सविस्तर अहवाल सादर करणे.' अहवाल आला. इंग्रजीत, आणि विहिरींची पातळी गावकऱ्यांना विचारून भरलेली. शेवटचा हप्ता 'अहवाल सादर झाल्यावर' असा ठरला होता, म्हणून तो द्यावाच लागला. दुरुस्त्या मागितल्या की उत्तर यायचं, "हे टीओआरमध्ये नव्हतं." ते खरंच नव्हतं.

पुढच्या वेळी मी आधी ठरवलं की हा अभ्यास वाचून आम्हाला नेमकं काय ठरवायचं आहे. बांधबंदिस्तीमुळे विहिरींचं पाणी वाढलं का, एवढंच. मग कामाची व्याप्ती आपोआप आकड्यांत आली. काम झालेली ४ गावं आणि काम न झालेली शेजारची २, कारण पाऊस चांगला झाला तर पाणी सगळीकडेच वाढतं. प्रत्येक गावात १० विहिरी, पातळी टेपने मोजायची, मेअखेर आणि ऑक्टोबरमध्ये. माती परीक्षण या कामात नाही, हेही लिहिलं.

सल्लागार ऑगस्टपर्यंत सगळं आटोपायचं म्हणत होते. पावसाळ्यानंतरचं मोजमाप त्यात बसत नव्हतं, त्यामुळे या तारखा मी सोडल्या नाहीत.

फी ४ लाख, प्रवासखर्च धरून, जीएसटी वेगळा, टीडीएस कापून. आराखडा व प्रश्नावली मंजूर झाल्यावर २० टक्के, मे महिन्यातल्या ६० विहिरींच्या नोंदींची एक्सेल फाइल तपासून झाल्यावर ३०, ऑक्टोबरच्या फाइलनंतर २०, आणि मराठी अहवाल मंजूर होऊन ग्रामसभांत मांडल्यावर उरलेले ३०. त्यांना आगाऊ रक्कम हवी होती. ती न देता पहिला हप्ता पंधरा दिवसांत मिळेल असा ठेवला, ते त्यांना पटलं.

मसुदा आमच्या हिशेब बघणाऱ्या ताईंना दिला आणि विचारलं, फक्त हा कागद बघून चेक काढाल का? त्यांनी 'समाधानकारक अहवाल' या शब्दांखाली रेघ ओढली. "समाधान कोणाचं?" मी ते काढलं आणि मंजुरी म्हणजे काय ते लिहिलं: ठरलेले सगळे भाग असावेत, प्रत्येक आकडा एक्सेलमधल्या नोंदीशी जुळावा. आमच्या सूचना १० कामाच्या दिवसांत, सगळ्यांच्या मिळून एकदाच. त्या मुदतीत काही कळवलं नाही तर अहवाल मंजूर. हे शेवटचं कलम आमच्यावरच बंधन होतं, पण आमच्या उशिरामुळे त्यांचे पैसे अडकू नयेत असं मला मनापासून वाटत होतं.

ऑक्टोबरच्या फाइलमध्ये ५७ च नोंदी आल्या. हप्ता थांबवला. एक विहीर ढासळली होती आणि दोन शेतांत मालक भेटले नव्हते. त्या दोन विहिरी त्यांनी चार दिवसांत जाऊन मोजल्या. ढासळलेल्या विहिरीचं काय करायचं, हे मात्र टीओआरमध्ये नव्हतं. ती दोन्ही वेळच्या तुलनेतून वगळायची, असं ईमेलवर ठरवून हप्ता सोडला. पुढच्या मसुद्यात मी प्रत्येक गावात दोन राखीव विहिरी मे महिन्यापासूनच मोजायच्या, असं घातलं आहे.