जिजींचा कागद

दुपारी शेजारच्या वाड्यातून भरताची वांगी भाजल्याचा वास येत होता आणि मी कोरा कागद पुढे घेऊन बसलो होतो. वडिलांचं, अप्पांचं, तेरावं होऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांना सांभाळणाऱ्या जिजी उंबऱ्याशी मिश्री लावत बसल्या होत्या. सकाळीच त्यांनी सांगून टाकलं होतं, "भाऊ, माले एक कागद लिखी द्या." मुलगा सुरतेला आहे, तिथे एका घरी म्हातारीला सांभाळायचं काम मिळतंय, पण त्या लोकांना आधीच्या घरची चिठ्ठी हवी. ती इंग्रजीतून. आणि एक मराठीतून, कारण आपल्याबद्दल काय लिहिलंय ते जिजींना कळायला हवं. मला ही अट फार आवडली.

पहिला मसुदा दहा मिनिटांत झाला. "सदर महिला अत्यंत प्रामाणिक, कष्टाळू व मनमिळाऊ असून..." लिहिता लिहिताच मला स्वतःचा कंटाळा आला. असा दाखला गावात कुणालाही देता येतो. मला दिला तरी चालेल.

अप्पा शाळामास्तर. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास आमच्या ओट्यावर माणसं यायची. सालदारांची सालं तेव्हाच सुटतात आणि नवी ठरतात. कुणी साल सोडून सुरतेला कापडाच्या मागावर कामाला निघालेला असायचा, त्याला चिठ्ठी हवी असायची. अप्पा दौत उघडण्याआधी विचारायचे, "काय काय येतं?" समोरचा म्हणायचा, "बठ्ठं येस," म्हणजे सगळंच येतं. अप्पा दौत बंद करायचे. मग तो गडबडायचा. एकदा त्यांनी एका सालदाराला विचारलं, रात्री बैल सुटला तर काय करतोस? तो म्हणाला, सुटायच्या आधी घंटी वेगळी वाजते, तेव्हाच जाग येते. अप्पांनी तेवढंच लिहिलं, "रात्री बैल सुटू लागल्यास न बोलावता उठतो." मागावर बैल नसतात हे मी सातवीतल्या हुशारीने सांगितलं, तर मला पाणी आणायला पिटाळलं.

म्हणून मसुदा फाडला आणि जिजींना विचारलं, "तुम्हाला काय काय येतं?" त्या हसल्या. "तुमले माहीत नही का?"

माहीत होतं, पण लिहायला बसल्यावर नीट दिसलं. अप्पांची उजवी बाजू लकव्याने गेली होती. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा माकडहाडावर जखम होती. ती भरून आली आणि पुन्हा झाली नाही, याचं कारण जिजी दर दोन तासांनी कूस बदलायच्या, रात्रीसुद्धा. कूस बदलली की कंबर, टाचा, खांदे पाहायच्या. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायच्या. बोट उचलल्यावर तिथली कातडी क्षणभर पांढरी पडली तर ठीक. लालच राहिली तर जखमेची सुरुवात, मग त्या बाजूला पुन्हा निजवायचं नाही. अप्पांचा रंग काळा, डाग पटकन दिसायचा नाही, म्हणून हाताची मागची बाजू लावून कातडी गरम लागतेय का तेही बघायच्या. हे त्या कुठे शिकल्या विचारलं तर म्हणाल्या, आधीच्या घरी एकदा चुकलं होतं.

जेवणाचंही तसंच. चहा पिताना अप्पांना ठसका लागायचा, दुधात कुस्करलेली कळण्याची भाकरी मात्र नीट उतरायची. हा फरक आधी जिजींच्या ध्यानात आला, मग आम्ही डॉक्टरांना सांगितला. तेव्हापासून पातळ काही द्यायचं तर दाटसर करून, अप्पांना पाठीला आधार देऊन ताठ बसवून, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

धाकट्या भावाची बायको म्हणाली, "नर्स लिहा ना, वजन पडेल." मी नाही लिहिलं. नर्स म्हणजे शिकलेली, नोंदणी झालेली बाई. जिजींनी कधी सुई टोचली नाही, लघवीची नळी कधी बदलली नाही. पिशवी रिकामी करायच्या, नळी बदलायला माणूस यायचा. उद्या सुरतेत कुणी "नर्स आहात ना, घाला नळी" म्हटलं तर त्या अडकतील आणि म्हातारीला इजा होईल ती वेगळीच. म्हणून दोन्ही कागदांत एक ओळ टाकली: इंजेक्शन देणे व नळी बदलणे ही कामे यांनी केलेली नाहीत. भावजय नाराज झाली. मला तर वाटतं, ही ओळ वाचल्यावर वरचं सगळं खरं वाटतं.

इंग्रजीत केअरटेकर लिहिलं होतं. बँकेतल्या भाच्याने फोनवर ऐकून खोडायला लावलं. अस्सल इंग्रजीत तो शब्द इमारत राखणाऱ्याला लावतात म्हणे. मग "अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला घरी सांभाळणाऱ्या" अशा अर्थाचं लिहिलं. "जीव लावला" याचं इंग्रजी काही केल्या जमेना. "शी टर्न्ड हिम एव्हरी टू अवर्स, डे अँड नाइट" असं लिहिलं आणि पुढे सरकलो.

तारखांनी घोळ घातला. जिजींच्या लेखी त्या "आखाजीच्या दुसऱ्या दिवशी" आल्या. सुरतेच्या बाईला आखाजी काय ठाऊक! जुनं कॅलेंडर काढलं, दुधाच्या हिशेबाशेजारी अप्पांच्या औषधांची खूण सापडली: 4 मे 2022. शेवट 31 डिसेंबर 2024. काम का सुटलं तेही लिहिलं, वडिलांच्या निधनामुळे. ते न लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, काढलंच असेल. नाव आधार कार्डावरचं घातलं. अडीच वर्षांत ते मी पहिल्यांदाच वाचलं. पगार लिहिला नाही, नाहीतर नव्या घरी घासाघीस तिथूनच सुरू होते. खाली माझा फोन नंबर, सही, तारीख.

मग मराठी कागद वाचून दाखवला. जिजी मिश्रीचं बोट तसंच धरून ऐकत होत्या. शेवटी मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं, "त्या आमच्या घरच्याच होत्या." त्या एकदम म्हणाल्या, "घरना मानूस लिखू नका. मंग पगार कोन दी?"

खोडलं. दोन्हीकडे खोडलं.

झेरॉक्स काढून मूळ कागद आधार कार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले. लॅमिनेट करू नका म्हटलं, पुढच्या घराला शिक्का मारायचा झाला तर. कुठलं घर शिक्का मारतं, कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी त्या सुरतेच्या गाडीत बसल्या.

चार दिवसांनी फोन आला. हिंदीत बोलणारी, घाईत असलेली बाई. कागद मिळाला म्हणाली, वाचला की नाही ते कळलं नाही. तिचा एकच प्रश्न होता: रात्री उठतात का?

हो म्हटलं. न बोलावता.

तिने आभार मानून फोन ठेवला. शेवटच्या रात्री पावणेतीनला अप्पांचा श्वास वेगळा लागलाय म्हणून मला हलवून उठवलं ते जिजींनीच. मी त्याच खोलीत होतो.